विश्लेषण : भिंत पांढरी, मग गुलाबी का दिसते? सोफ्याचा रंग भिंतीवर आणि चेहऱ्यावर कसा चढतो?

चिंचवडला राहणाऱ्या माझ्या मावशीने दिवाळीनंतर घराला रंग काढला. हॉलला मोतिया पांढरा. रंगकाम संपले, सामान जागेवर लागले आणि तिसऱ्या दिवशी मावशीचा पेंटरला फोन गेला. सोफ्याच्या बाजूची भिंत गुलाबी दिसत होती. पेंटर आले, त्यांनी रंगाचा डबा दाखवला, झाकणावरचा शेड नंबर दाखवला. ‘‘ताई, चारही भिंतींना एकच डबा वापरलाय, तुमच्यासमोरच तर उघडला,’’ असे म्हणत त्यांनी त्या भिंतीला स्वतःच्या खर्चाने आणखी एक हात दिला. रंग वाळला, सोफा परत भिंतीला लागला आणि भिंत पुन्हा गुलाबी. शेवटच्या हप्त्याचे आठ हजार रुपये मावशीने अडवून धरले. पेंटर म्हणत होते रंगात खोट नाही, मावशी म्हणत होती डोळ्यांना दिसते ते खोटे कसे.

दोघांचेही बरोबर होते. भिंत पांढरीच होती आणि ती गुलाबी दिसतही होती. गुलाबी रंग डब्यातून आला नव्हता, तो शेजारच्या सोफ्यावरून आला होता. हे नेमके कसे घडते, किती प्रमाणात घडते आणि रंगात दोष आहे की प्रकाशात, हे घरच्या घरी कसे ओळखायचे, याविषयी...

सोफा भिंतीवर रंग ‘टाकतो’ म्हणजे काय?

मावशीचा सोफा एल आकाराचा, केशरीकडे झुकणाऱ्या लाल कापडाचा. त्याचा पाय पसरून बसायचा भाग, म्हणजे दुकानदार ज्याला लाउंजर म्हणतात तो, साडेपाच फूट लांब आणि तीन फूट रुंद आहे. त्या बाजूला हात नाही, पाठ नाही. बैठक थेट भिंतीला टेकलेली.

खिडकीतून येणारा प्रकाश पांढरा दिसतो, म्हणजे त्यात लाल, हिरवा, निळा असे सगळे घटक असतात. तो सोफ्याच्या कापडावर पडतो तेव्हा कापडातला रंग हिरव्या आणि निळ्या घटकांचा बराचसा भाग गिळून टाकतो आणि लाल घटकाचा बराचसा भाग परत फेकतो. म्हणून तर सोफा लाल दिसतो. पण हा परत फेकलेला लाल प्रकाश फक्त आपल्या डोळ्यांकडे येत नाही. खडबडीत कापडावरून तो सगळ्या दिशांना विखुरतो. काही छताकडे जातो, काही समोरच्या टीव्हीकडे, आणि बराचसा शेजारच्या भिंतीवर पडतो. भिंतीच्या दृष्टीने पाहिले तर सोफा हे बसायचे साधन नसून एक मंद लाल दिवा आहे. साडेसोळा चौरस फुटांचा लाल दिवा.

पांढरा रंग म्हणजे जो मिळेल तो प्रकाश फारसा भेदभाव न करता परत पाठवणारा रंग. खिडकीकडून पांढरा आणि सोफ्याकडून लाल असा मिश्र प्रकाश भिंतीवर पडला की भिंत तोच मिश्र प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचवते, आणि तो असतो गुलाबी. म्हणून भिंत जितकी पांढरी तितकी ती जास्त रंग उसना घेते. पेंटरचा जादा हात कामी का आला नाही, त्याचे उत्तर यातच आहे.

किती रंग चढतो? एक हिशेब

मेकॅनिकल इंजिनीअरिंगला ‘हीट ट्रान्सफर’ नावाचा विषय असतो. भट्टीच्या एका भिंतीतून निघालेली उष्णता दुसऱ्या भिंतीपर्यंत किती पोहोचते, हे काढण्यासाठी त्यात ‘व्ह्यू फॅक्टर’ वापरतात. परीक्षेनंतर तो पुन्हा कधी भेटेल असे वाटले नव्हते. पण मावशीच्या भिंतीचे गणित तेच आहे. भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्याने समोर पाहिले तर त्याच्या नजरेचा किती हिस्सा सोफ्याने व्यापलेला आहे, एवढेच विचारायचे. यात समोरून सरळ येणाऱ्या प्रकाशाला जास्त वजन आणि तिरकस येणाऱ्याला कमी.

लाउंजरच्या मापांवरून मी हिशेब केला. बैठकीपासून एक फूट वर, भिंतीच्या मधोमध असलेल्या ठिपक्यासाठी हा हिस्सा ३२ टक्के येतो. एक मीटर, म्हणजे साधारण सव्वातीन फूट वर गेले की ९ टक्के. दोन मीटर वर, म्हणजे छताच्या थोडे खाली, फक्त २ टक्के. उतार किती तीव्र आहे, ते पाहा. अंतर तिप्पट झाल्यावर हिस्सा तिसऱ्या भागापेक्षाही खाली येतो, आणि त्यानंतर अंतर नुसते दुप्पट केले तर तो आणखी साडेचार पटींनी घटतो.

आता रंगाचा हिशेब. समजा हॉलमधला इतर ठिकाणांहून येणारा प्रकाश भिंतीवर लाल १००, हिरवा १००, निळा १०० असा सारखा पडतो आणि सोफ्यावरही तेवढाच पडतो. मावशीच्या सोफ्यासारखे कापड ढोबळमानाने लालपैकी निम्मा, हिरव्यापैकी १५ टक्के आणि निळ्यापैकी १० टक्के प्रकाश परत पाठवते, असे धरू. एक फूट उंचीवरच्या ठिपक्याला त्यातला ३२ टक्के मिळेल, म्हणजे लाल १६, हिरवा सुमारे ५ आणि निळा ३. एकूण बेरीज लाल ११६, हिरवा १०५, निळा १०३. लाल हा हिरव्यापेक्षा सुमारे ११ टक्के जास्त. शेजारी शुद्ध पांढरे काही असेल तर एवढा फरक डोळ्यांना सहज कळतो. एक मीटर उंचीवर हाच फरक ३ टक्क्यांवर येतो आणि छताजवळ एक टक्क्याच्याही आत. म्हणजे ढगाळ दिवशी भिंतीच्या खालच्या भागावर हलकी गुलाबी छटा आणि वर पांढरी भिंत, असे दिसायला हवे.

पण मावशीच्या हॉलची खिडकी दक्षिणेला आहे, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे सकाळी दहापासून ऊन थेट सोफ्यावर येते. थेट ऊन हे घरातल्या विखुरलेल्या प्रकाशाच्या कित्येक पट असते. बाहेरच्या उन्हाची तीव्रता लाखभर लक्सच्या घरात जाते, तर खिडकीपासून दूर हॉलच्या आत दिवसा काही शे लक्सच असतात. सोफ्याचा काही भागच उन्हात आहे असे धरून सरासरी दहापट घेतली तरी चित्र पार बदलते. आता त्याच ठिपक्याला सोफ्याकडून लाल १६०, हिरवा ४८, निळा ३२ मिळतात. बेरीज लाल २६०, हिरवा १४८, निळा १३२. लाल हिरव्याच्या पावणेदोन पट! ही छटा राहिली नाही, हा रंगच झाला. मावशीचा फोन सकाळी साडेदहाला गेला होता, हे इथे सांगायला हवे.

सगळेच गडद सोफे असे करतात का?

नाही, आणि इथे अनेकांचा अंदाज चुकतो. गडद मरून किंवा नेव्ही ब्लू सोफा दिसायला भारदस्त असतो, पण तो प्रकाश परत फारसा पाठवतच नाही. मरून कापडाकडून लाल प्रकाश जेमतेम दहा-बारा टक्के परत येत असेल तर भिंतीवर त्याचा परिणाम रंग चढण्यापेक्षा कोपरा काळवंडण्याचा जास्त असतो. खरी अडचण होते ती उजळ आणि भडक अशा दोन्ही गुणांच्या रंगांची. केशरी, हळदी पिवळा, पोपटी, मोरपंखीची फिकट छटा. हे रंग आपल्या घटकाचा मोठा हिस्सा परत पाठवतात आणि बाकीचे घटक गिळतात.

चकाकीचाही एक मुद्दा आहे. गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभागावरून प्रकाश दोन प्रकारे परततो. काही वरच्या वर आरशासारखा उडतो आणि काही आत शिरून, रंगाच्या कणांना भेटून बाहेर येतो. वरच्या वर उडणाऱ्या प्रकाशाला रंगकणांची गाठच पडत नाही, त्यामुळे त्यात पृष्ठभागाचा रंग येत नाही. लाल रेक्झिनच्या सोफ्यावर खिडकीचे प्रतिबिंब पांढरेच दिसते ते यामुळे. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवरही हेच. भिंतीला रंग लावतो तो आत जाऊन आलेला प्रकाश.

जमिनीचे काय?

सोफ्यापेक्षा जमीन मोठी, म्हणून तिचा वाटा जास्त. अमर्याद पसरलेल्या जमिनीला टेकून उभ्या असलेल्या भिंतीच्या अगदी तळाच्या ठिपक्यासाठी तो हिस्सा ५० टक्के असतो. त्या ठिपक्याची निम्मी दुनिया म्हणजे जमीन. तीन मीटर रुंद खोलीत हा हिस्सा एक मीटर उंचीवरही ३४ टक्क्यांच्या आसपास राहतो, म्हणजे सोफ्याच्या बाबतीत दिसलेला तीव्र उतार इथे नसतो. त्यामुळे जमिनीचा रंग एका कोपऱ्यात न राहता संपूर्ण खोलीचा बाजच बदलतो, आणि म्हणूनच तो चटकन लक्षात येत नाही.

कोकणात किंवा गोव्यात जुन्या घरांतली लाल कोब्याची जमीन आणि चुन्याने रंगवलेल्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या खोल्यांचा उबदार रंग आठवत असेल. त्यातला मोठा वाटा भिंतींचा नसून जमिनीचा असतो. दुपारी दारातून उन्हाचा एक चौकोन कोब्यावर पडला की समोरची पांढरी भिंत आणि वरची कौलाखालची लाकडे तांबूस उजळतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये फिकट टाइल्स आल्यापासून हा प्रकार कमी झाला, पण भिंतीपासून भिंतीपर्यंतचा हिरवा किंवा निळा गालिचा टाकून पाहा, खोली लगेच त्या रंगाची होते.

याच तर्काने आणखी एक कोडे सुटते. शेडकार्डवर आवडलेला पिवळा रंग चारही भिंतींना लावल्यावर भलताच भडक का वाटतो? कारण त्या खोलीत भिंती एकमेकींवरही रंग टाकतात. समजा तो पिवळा रंग लाल-हिरवा प्रकाश ८० टक्के आणि निळा ४० टक्के परत पाठवतो. कार्डावर हे प्रमाण दोनास एक आहे. पण बंद खोलीत प्रकाश भिंतीवरून भिंतीवर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत निळा घटक पुन्हा निम्म्याहून जास्त गिळला जातो. सगळ्या उड्यांची बेरीज केली, जमीन-छतही त्याच रंगाचे मानले, तर हे प्रमाण सहास एकपर्यंत जाते. प्रत्यक्षात पांढरे छत आणि खिडक्या असल्यामुळे ते एवढे होत नाही. पण रंग कार्डापेक्षा गडद होणार, हे नक्की. अनुभवी पेंटर ‘कार्डावर आवडलाय त्याच्यापेक्षा एक शेड फिका घ्या’ असे सांगतात, त्याला हा आधार आहे.

मग हे आपल्याला रोज का दिसत नाही?

कारण आपला मेंदू ते वजा करून टाकतो. १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डॅनियल कर्स्टन, अ‍ॅन्या हर्लबर्ट आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने एक साधा पण विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. मधोमध दुमडलेले एक कार्ड, एक बाजू पांढरी आणि दुसरी किरमिजी गुलाबी. कार्ड उघड्या पुस्तकासारखे, घडी आपल्यापासून दूर आणि दोन्ही बाजू आपल्याकडे वळलेल्या, असे ठेवले तर गुलाबी बाजूचा प्रकाश पांढऱ्या बाजूवर पडतो. सहभागींना पांढरी बाजू किंचितच गुलाबी वाटत होती. मग संशोधकांनी एक प्रकाशीय उपकरण वापरले. त्यातून पाहताना तेच कार्ड उलटे, म्हणजे घराच्या छपरासारखे घडी आपल्याकडे असलेले भासते. कार्ड तेच, प्रकाश तोच, डोळ्यांत शिरणारे किरणही तेच. पण आता तीच पांढरी बाजू बरीच जास्त गुलाबी दिसू लागली. कारण छपराच्या दोन बाजू एकमेकींकडे पाहतच नाहीत, तेव्हा ‘हा रंग शेजाऱ्याचा आहे’ अशी सवलत मेंदूला देता येत नाही. मग तो रंग पृष्ठभागाच्याच नावावर चढतो.

मावशीच्या बाबतीतही हेच झाले असावे. आधी भिंत जुन्या फिकट पिवळ्या रंगाची होती. सोफा तेव्हाही तिथेच होता, भिंतीवर लाल प्रकाश तेव्हाही पडत होता. पण ‘आपली भिंत’ म्हणून ती डोळ्यांना सरावाची होती. नवा रंग लागला आणि ती भिंत बारकाईने, संशयाने पाहिली जाऊ लागली. शिवाय तिने फोनवर फोटो काढून सगळ्यांना पाठवले. फोटोत ती भिंत आणखी गुलाबी होती, कारण कॅमेऱ्याला शेजारच्या सोफ्याची सवलत देता येत नाही.

फोनमध्ये ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’ असतो, तो हे दुरुस्त का करत नाही, असा प्रश्न पडेल. व्हाइट बॅलन्स साधारणपणे पूर्ण फोटोसाठी एकच दुरुस्ती करतो. दिवा पिवळा असेल तर सगळा फोटो निळ्याकडे सरकवला की काम होते. इथे मात्र छटा भिंतीच्या खालच्या भागात आहे आणि वरच्या भागात नाही. खालचा भाग पांढरा करायला गेले तर वरचा भाग हिरवट-निळसर होतो.

चेहऱ्यावर हा रंग कुठे दिसतो?

हनुवटीच्या खाली, नाकाच्या खालच्या बाजूला, गालांच्या खालच्या उतारावर आणि गळ्यावर. घरातले दिवे आणि आकाशाचा प्रकाश वरून येतो, त्यामुळे चेहऱ्याचे खाली वळलेले भाग मुळात अंधारात असतात. तिथे पोहोचणारा प्रकाश बहुतेक जमिनीकडून, मांडीवरच्या साडीकडून किंवा सोफ्याकडून आलेला असतो. एकूण प्रकाशात त्याचा वाटा कमी असेल, पण त्या सावलीच्या जागेत त्याचेच राज्य असते. लॉनवर दुपारी काढलेल्या लग्नाच्या फोटोंत गळा हिरवट दिसतो तो यामुळे. (लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात सगळ्यांचेच चेहरे रंगतात, ती गोष्ट वेगळी. तिथे प्रकाश कापडातून गाळून येतो, कापडावरून उडून नाही.)

त्वचेच्या बाबतीत लाल-केशरी छटा आपण चालवून घेतो, उलट चेहरा टवटवीत वाटतो. हिरवी छटा मात्र लगेच खटकते. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश बराच शोषते, त्यामुळे निरोगी त्वचेत हिरवा घटक तुलनेने दबलेला असतो. तो वाढलेला दिसला की चेहरा आजारी भासतो. आमच्या व्हिडीओ स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर बातम्या चित्रित होतात, तिथे निवेदकाला पडद्यापासून काही फूट पुढे उभे करतात. जवळ उभे राहिले की खांद्यांवर आणि केसांच्या कडांवर हिरवा प्रकाश चढतो. याला स्टुडिओच्या भाषेत ‘स्पिल’ म्हणतात. मग संगणकावर पडदा काढून टाकताना त्याबरोबर केसांच्या कडाही गायब होतात.

हा निव्वळ फोटोंपुरता प्रश्न नाही. नवजात बाळाला कावीळ आहे का, हे पाहताना घरचे लोक बाळाच्या कपाळावर किंवा छातीवर बोटाने हलके दाबतात आणि त्वचा पिवळी दिसते का ते बघतात. पिवळ्या भिंती, पिवळे पडदे किंवा हळदी रंगाची दुलई असलेल्या खोलीत निरोगी बाळही पिवळे वाटू शकते. निळ्या पडद्यांच्या खोलीत उलट होते, खरा पिवळेपणा झाकला जाऊ शकतो, आणि ही चूक जास्त धोक्याची. म्हणून बाळाला खिडकीजवळ, दिवसाच्या प्रकाशात, पांढऱ्या कापडावर ठेवून पाहावे असे सांगितले जाते. तरीही डोळ्यांच्या अंदाजावर थांबता येत नाही. शंका असेल तर डॉक्टर रक्तातले बिलिरुबिन तपासतात किंवा त्वचेवर ठेवायच्या यंत्राने मोजतात.

संगणकाला हे शिकवायला किती वेळ लागला?

चित्रकारांना ही गोष्ट फार आधीपासून माहीत आहे. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणवह्यांत शेजारच्या वस्तूंचा रंग चेहऱ्यावर आणि भिंतीवर कसा चढतो, याबद्दल सविस्तर नोंदी आहेत. संगणकावर मात्र बराच काळ खोल्या कोरड्या, प्लास्टिकच्या वाटत, कारण प्रत्येक वस्तूवर फक्त दिव्याचा थेट प्रकाश मोजला जाई. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी उष्णतेच्या अभ्यासातला तोच व्ह्यू फॅक्टर उचलला आणि पृष्ठभागांमधल्या प्रकाशाच्या देवाणघेवाणीचे गणित मांडले. त्यांनी वापरलेली चाचणीची खोली म्हणजे एक साधी पेटी, आतून पांढरी आणि दोन बाजूच्या भिंती वेगवेगळ्या रंगांच्या. ‘कॉर्नेल बॉक्स’ म्हणून ती आजही वापरली जाते. नव्या सॉफ्टवेअरने पेटीतल्या पांढऱ्या जमिनीच्या कडांवर भिंतींचा रंग योग्य प्रमाणात आणला तर गणित जमले. इंटीरियर डिझायनर आज बिल्डरच्या फ्लॅटची थ्रीडी चित्रे दाखवतात, त्यात लाकडी फरशीचा तांबूसपणा भिंतींवर दिसतो तो या गणितामुळे. पण सगळीच चित्रे ते प्रामाणिकपणे दाखवत नाहीत. अनेकदा भिंत मुद्दाम शुभ्र ठेवलेली असते, आणि घर ताब्यात आल्यावर ती तशी दिसत नाही.

रंगात दोष की प्रकाशात, कसे ओळखायचे?

साहित्य एकच, छपाईचा कोरा पांढरा कागद. तो संशयित जागी भिंतीला सपाट चिकटवून धरायचा. आता कागदावर आणि भिंतीवर अगदी सारखाच प्रकाश पडतो आहे. कागद पांढरा आणि भिंत गुलाबी दिसली तर रंगात गडबड आहे. कागदही भिंतीइतकाच गुलाबी दिसला तर गुलाबीपणा प्रकाशात आहे. कागद भिंतीपासून दूर, हवेत धरायचा नाही आणि तिरका करायचा नाही. खिडकीकडे जरा वळवला तरी त्यावर वेगळा प्रकाश पडतो आणि परीक्षा फसते. तसेच मोतिया पांढऱ्या भिंतीपुढे छपाईचा कागद थोडा जास्त निळसर-शुभ्र दिसतो, कारण त्यात चमक आणणारी रसायने असतात. तेवढा फरक सोडून द्यायचा.

खात्री हवी असेल तर दुसरा कागद त्याच भिंतीवर वर, छताजवळ चिकटवा आणि दोन्ही कागद एकाच फोटोत घ्या. वेगवेगळे फोटो नकोत, फोन प्रत्येक वेळी व्हाइट बॅलन्स बदलतो. फोटोतल्या दोन कागदांचे रंगाचे आकडे कोणत्याही फोटो संपादनाच्या अ‍ॅपमध्ये पाहता येतात. एक गोष्ट ध्यानात ठेवायची. हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. प्रकाशात ११ टक्के फरक असेल तर आकड्यात पाच टक्क्यांच्या आसपासच दिसतो, म्हणजे हिरवा २०० असेल तर लाल २१०. आकडा लहान वाटला म्हणून फरक लहान नसतो.

आणि शेवटची, सगळ्यांना पटणारी परीक्षा म्हणजे सोफ्यावर पांढरी चादर टाकायची.

छटा नको असेल तर काय करता येते?

सर्वांत मोठा फरक थेट ऊन अडवल्याने पडतो, हे वरच्या हिशेबातून दिसतेच. पातळ पांढरा पडदा लावला की सोफ्यावरचा उन्हाचा पट्टा जातो आणि तोच प्रकाश खोलीभर विखुरतो. सोफा भिंतीपासून सरकवल्यानेही छटा फिकी होते. पण आपल्याकडच्या दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये तो सरकवायचा कुठे, हा प्रश्न आहे. भडक सोफ्यावर फिके आच्छादन टाकता येते, फक्त मग तो रंगाचा सोफा घेतला कशाला असे घरचे विचारतात.

जे करू नये ते म्हणजे भिंतीच्या रंगात थोडा हिरवा मिसळून गुलाबी ‘मारणे’. काही जण हा उपाय सुचवतात. छटा दिवसाच्या वेळेनुसार बदलते आणि भिंतीच्या उंचीनुसारही. सकाळी साडेदहाला बरोबर बसवलेला हिरवा संध्याकाळी दिव्यात आणि छताजवळ हिरवाच दिसेल. रंग निवडायचा तर नमुना सोफा जागेवर असताना, त्याच भिंतीवर, सकाळी आणि रात्री असा दोनदा पाहावा. रंगकामाच्या वेळी सामान मधोमध गोळा करून प्लास्टिकखाली झाकलेले असते, तेव्हा पाहिलेला रंग नंतरचा नसतो. मावशीच्या घरी दुसरा हात दिल्यावर पेंटर आणि मावशी दोघांनी मिळून भिंत तपासली होती आणि ‘आता बरोबर आहे’ असे ठरले होते. तेव्हा सोफा हॉलच्या मध्यावर, झाकलेला होता.

पुढच्या रविवारी सकाळी पेंटरना पुन्हा बोलावले. मी भिंतीवर कागद धरला. कागद गुलाबी. मावशी म्हणाली, ‘‘कागदच तसला असेल.’’ मग पेंटरनी कपाटातून पांढरी चादर मागितली आणि लाउंजरवर अंथरली. उन्हात चादर अशी लख्ख उजळली की भिंत आधीपेक्षाही जास्त प्रकाशमान झाली, आणि पांढरी. मावशीने चादर दोनदा काढली, दोनदा टाकली. मग पाकीट आणायला आत गेली. पेंटर माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘भाऊ, तो एक जादा हात कोण देणार?’’ मावशीने साडेआठ हजार दिले.

सोफा अजून तिथेच आहे, पडदाही लावलेला नाही. एप्रिल संपता संपता सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर आला, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येईनासे झाले आणि भिंतीवर आता फक्त खाली, फूटभर उंचीपर्यंत, नीट पाहिले तरच कळेल एवढी छटा उरली आहे. डिसेंबरमध्ये ती परत येईल.